साडीमागे सुटतात किती?

सुरतहून 400 रुपयांना आलेली साडी व्हॉट्सॲप ग्रुपवर 550ला टाकली की दीडशे सुटले असं वाटतं. पण खाली ‘डिलिव्हरी फ्री’ लिहिलेलं असतं!

समजा, दहा साड्या पाठवल्या. सत्तरप्रमाणे कुरिअरचे 700. दोन परत आल्या, त्यांचे 140. हे 840 विकलेल्या आठांवरच बसतात, साडीमागे 105. परतलेल्या एकीच्या पदराला मेकअपचा डाग, म्हणजे नेसून झालेली. ती 200ला काढली; आणखी 25.

घाऊकवाला रोखच घेतो, गिऱ्हाईक मात्र ‘पगार झाला की टाकते’ म्हणतं. महिनाभर दोन टक्क्यांनी पैसे उचलले तर 8 वाढले. साडी पडली 538ला. उरले बारा! 650 लावले तर 112 उरतात, त्यातून आगाऊ पैसे भरणाऱ्यांना तीस-चाळीसची सूटही देता येते.