सहा गुणांचं पत्र

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत आणि त्यांतले 6 पत्रलेखनाचे. सहसा आधी एखादी जाहिरात किंवा निवेदन छापलेलं असतं. त्याखाली सूचना असते: विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपांची मागणी करणारे पत्र लिहा, किंवा रोपे मोफत दिल्याबद्दल आभाराचे पत्र लिहा. विद्यार्थ्याला हा भाग सोपा वाटतो, कारण पत्राचा साचा पाठ करता येतो. तपासणाऱ्यालाही तो सोपा वाटतो, कारण साच्यावर बरोबरच्या खुणा करत पुढे जाता येतं. माझ्या मते गोंधळ इथूनच सुरू होतो.

साचा काय आहे ते आधी पाहू. पूर्वी पाठवणाऱ्याचा पत्ता उजवीकडे वर आणि ‘आपला विश्वासू’ उजवीकडे खाली येत असे. आता ई-मेलच्या धर्तीवर सगळं डाव्या समासापासून लिहायला शिकवतात. आधी दिनांक, मग ‘प्रति’, ज्याला लिहायचं त्याचं पद आणि पत्ता, विषय, ‘महोदय’, मजकूर, शेवटी ‘आपला विश्वासू’, नाव, पत्ता, ई-मेल. नाव प्रश्नात दिलेलं असेल ते, नाहीतर अ. ब. क. उत्तरपत्रिकेत आपली ओळख उघड करायची नसते, म्हणून स्वतःचं नाव लिहायचं नाही. आठ-दहा ओळींचा हा सांगाडा नजर टाकताच तपासून होतो. त्यात काही राहिलं असेल तर एखादा गुण जावा, हे रास्तच.

खरी परीक्षा मजकुरात असते. समजा जाहिरात एका रोपवाटिकेची आहे. वनमहोत्सवानिमित्त 1 ते 15 जुलै, शंभरापेक्षा जास्त रोपांवर 20 टक्के सवलत, घरपोच सेवा. मागणीपत्र लिहायचं आहे. शाळेच्या परीक्षेत वाटणी शिक्षक ठरवू शकतात. इथे आपण मांडणीला 2, हेतूला 3 आणि सुराला 1 अशी धरू.

पहिल्या पत्रात सांगाडा निर्दोष आहे. दिनांक, विषय, पत्ता सगळं जागच्या जागी, अक्षर मोत्यासारखं. मजकूर असा: ‘आपली रोपवाटिका सर्वत्र प्रसिद्ध आहे. झाडे आपल्याला प्राणवायू देतात. झाडे लावणे ही काळाची गरज आहे. तरी आपण आम्हांस विविध प्रकारची रोपे लवकरात लवकर पाठवून उपकृत करावे, ही नम्र विनंती.’

दुसऱ्या पत्रात दिनांक राहिला आहे आणि पाठवणाऱ्याचा पत्ता जुन्या पद्धतीने उजवीकडे गेला आहे. मजकूर असा: ‘आमच्या शाळेत 5 जुलैला वृक्षारोपण आहे. त्यासाठी कडुनिंबाची 60, तुळशीची 40 आणि जास्वंदीची 20 अशी 120 रोपे हवी आहेत. संख्या शंभराहून जास्त असल्याने जाहिरातीप्रमाणे 20 टक्के सवलत मिळावी. रोपे 4 जुलैला सकाळी 11 च्या आत शाळेत पोहोचवावीत. बिल मुख्याध्यापकांच्या नावे करावे.’

आता रोपवाटिका चालवणाऱ्याच्या जागी बसून दोन्ही वाचा. दुसरं पत्र हातात पडलं तर तो टेम्पो भरायला सांगेल. पहिलं पडलं तर त्याला फोन करावा लागेल: कुठली रोपं, किती, केव्हा? पत्राचा हेतू साधला की नाही, हे ठरवायला याहून वेगळी कसोटी लागत नाही. ज्याला लिहिलं त्याला पुन्हा काही न विचारता काम करता आलं पाहिजे.

आमच्या वाटणीप्रमाणे पहिल्याला मांडणीचे 2, सुराचा 1 आणि हेतूचा जेमतेम 1, एकूण 4. दुसऱ्याला मांडणीचा 1, सुराचा 1, हेतूचे पूर्ण 3, एकूण 5. घाईघाईने तपासलं तर मात्र आकडे नेमके उलटे पडतात. सांगाडा नीटनेटका दिसला की मजकूरही बरा वाटू लागतो, आणि वरच दिनांक नसला की खालचं सगळं निष्काळजी वाटतं. यावर साधा उपाय आहे. मजकूर आधी वाचावा, हेतूचे गुण मनाशी ठरवावेत आणि मग वर येऊन मांडणी तपासावी. एका चुकीला एकदाच शिक्षा, हेही पाळावं. दिनांक नाही म्हणून मांडणीत गुण कापला असेल, तर ‘अपूर्ण’ म्हणून हेतूतून पुन्हा कापू नये.

दिनांकाची एक गंमत सांगायला हवी. लेखी परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर असते आणि जाहिरात जुलैची. काही मुलं सरळ परीक्षेच्या दिवसाची तारीख टाकतात, त्यामुळे जुलैतली सवलत कितीतरी महिने आधीच मागितली जाते. मी अशा वेळी गुण कापत नाही, कारण दिनांक लिहिण्याची जागा आणि पद्धत त्याला माहीत आहे. पण ‘जाहिरात कालच वाचली’ असं लिहून खाली 20 जुलै घातला असेल, तर जाहिरात नीट वाचलेली नाही हे उघड होतं. मग कापावा लागतो, तोही हेतूतून.

सूर मोजणं सगळ्यांत अवघड, म्हणून आम्ही त्याला एकच गुण ठेवला. मागणीपत्र हे गिऱ्हाइकाचं पत्र आहे. पैसे मोजणाऱ्याने उपकृत व्हायचं कारण नाही, नेमकं आणि सभ्य बोलावं एवढंच. ‘ताबडतोब पाठवा, नाहीतर दुसरीकडून घेऊ’ हा सूर तक्रारीतही शोभत नाही, मग पहिल्याच पत्रात तर नाहीच. विनंतीपत्र वेगळं. तिथे काहीतरी फुकट किंवा सवलतीत मागायचं असतं, म्हणून आर्जव चालतं, पण त्याबरोबर कारणही द्यावं लागतं. पहिल्या पत्रातलं ‘उपकृत करावे’ विनंतीपत्राच्या पाठांतरातून आलेलं आहे. एवढ्यासाठी मी त्याचा गुण काढला नाही. मागणीच्या पत्रात रोपं मोफत मागितली असती, तर मात्र प्रश्न सुराचा राहिला नसता. मुलाने पर्यायच चुकीचा लिहिला असं झालं असतं, आणि हेतूचे गुण जवळजवळ सगळे गेले असते.

सूर बिघडल्याची आणखी एक खूण सर्वनामात सापडते. पत्र ‘आपण’ने सुरू होतं, मधे ‘तुमच्याकडे’ येतं आणि शेवटी ‘तुम्ही पाठवालच’. एखाद्या ठिकाणी असं झालं तर सोडून द्यावं. पण ‘सप्रेम नमस्कार’ने सुरुवात करून ‘तुमचा लाडका’ अशी सही केली असेल, तर विद्यार्थ्याला घरचं पत्र आणि कामाचं पत्र यांतला फरकच कळलेला नाही.

शाळेतल्या परीक्षेत उत्तरपत्रिका मुलांच्या हातात परत येते, तेव्हा नुसता ‘4/6’ लिहून उपयोग नाही. ‘विविध प्रकारची’ या शब्दांखाली रेघ मारून समासात ‘कोणती? किती?’ एवढंच लिहिलं, तर दोन गुण कुठे गेले ते त्याला तिथल्या तिथे समजतं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत अर्ज करून मागवता येते, पण तोवर ते मूल पुढच्या वर्गात गेलेलं असतं.