वापरलेली रीसेट लिंक पुन्हा चालते का? 'पासवर्ड रीसेट'ची टेस्ट केस कशी लिहितात, समजून घ्या

पासवर्ड विसरला की आपण `Forgot password?` वर टॅप करतो. ईमेलवर लिंक येते, नवा पासवर्ड टाकतो आणि काम झालं असं समजतो. पण ती लिंक मेलबॉक्समध्ये तशीच पडून असते. तीच लिंक उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर?

एकदा वापरलेली लिंक दुसऱ्यांदा चालायला नको. ॲप लोकांपर्यंत पोहोचण्याआधी टेस्टर हे तपासतात. तपासणी नेमकी कशी करायची, हे ज्यात लिहिलेलं असतं ती 'टेस्ट केस'.

नुसतं 'चेक करा' लिहून का भागत नाही?

"पासवर्ड रीसेट नीट चालतं का ते पाहा" एवढंच लिहिलं, तर एक जण फक्त ईमेल येतो का ते पाहील, दुसरा नवा पासवर्ड टाकून पाहील आणि दोघेही 'पास' असा शेरा मारतील. वापरलेली लिंक मात्र कुणीच तपासलेली नसेल. म्हणून टेस्ट केसमध्ये एकच गोष्ट तपासायची आणि ती तीन भागांत लिहायची: पूर्वअटी, पायऱ्या आणि अपेक्षित निकाल.

पूर्वअटी: सुरुवातीला काय तयार हवं?

१. चाचणीसाठीचं एक चालू खातं. त्याचा मेलबॉक्स टेस्टरला उघडता येतो.
२. खात्याचा सध्याचा पासवर्ड `Mango@111` आहे.
३. ब्राउझरमध्ये हे खातं लॉग-इन केलेलं नाही.
४. रीसेट लिंकची मुदत ३० मिनिटं ठेवलेली आहे.

यातली चौथी अट सहज राहून जाऊ शकते. समजा, टेस्टरने पासवर्ड बदलला, मग तो जेवायला गेला आणि तासाभराने तीच लिंक पुन्हा उघडली. लिंक चालली नाही, म्हणून त्याने 'पास' लिहिलं. पण ती वापरलेली होती म्हणून नाकारली गेली की मुदत संपली म्हणून, हे कळायला मार्गच नाही. बग तसाच राहतो आणि कागदावर मात्र सगळं ठीक दिसतं.

ही मुदत प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. जँगो या प्रसिद्ध वेब फ्रेमवर्कमध्ये ती मुळात तीन दिवसांची असते. म्हणून अंदाज न बांधता आपल्या ॲपसाठी ठरलेला आकडा विचारून लिहावा.

पायऱ्या: एका वेळी एकच कृती

१. लॉग-इन पानावर `Forgot password?` वर क्लिक करा.
२. खात्याचा ईमेल टाकून विनंती पाठवा.
३. मेलमधली लिंक कॉपी करून ठेवा.
४. लिंक उघडा, `Mango@222` हा नवा पासवर्ड टाकून सेव्ह करा.
५. लिंक मिळाल्यापासून १० मिनिटांच्या आत, कॉपी केलेली तीच लिंक प्रायव्हेट विंडोमध्ये उघडा.
६. लॉग-इन पानावर जाऊन `Mango@222` ने लॉग-इन करा.

तिसरी पायरी साधी वाटते, पण लिंक उघडल्यावर काही ॲप वापरकर्त्याला दुसऱ्या पत्त्यावर नेतात. मग ॲड्रेस बारमधून उचललेला पत्ता मूळ लिंकचा नसतो. पाचव्या पायरीत प्रायव्हेट विंडो लागते, कारण काही ॲप पासवर्ड बदलताच आपोआप लॉग-इन करतात. त्याच विंडोमध्ये लिंक उघडली, तर ॲप थेट होम पानावर नेऊ शकतं आणि लिंक चालली की नाही हे समजत नाही.

अपेक्षित निकाल: डोळ्यांना दिसेल असं लिहा

"एरर यावा" हे पुरेसं नाही. या टेस्ट केसचा निकाल असा लिहिता येईल:

- पायरी ४ नंतर: पासवर्ड बदलल्याचा संदेश दिसतो.
- पायरी ५ नंतर: नवा पासवर्ड टाकायचा फॉर्म दिसत नाही. लिंक आता वैध नसल्याचा संदेश दिसतो.
- पायरी ६ नंतर: लॉग-इन होतं.

पाचव्या पायरीला फॉर्म उघडला, तर टेस्ट तिथेच 'फेल'. तरीही त्यात तिसरा पासवर्ड टाकून पाहणं उपयोगाचं असतं. तो सेव्ह झाला नाही, तर चूक दिसण्यापुरती आहे. सेव्ह झाला, तर जुनी लिंक ज्याच्या हाती, त्याच्या हाती खातं. बग रिपोर्टमध्ये हा फरक लिहिला की डेव्हलपरला दुरुस्तीची घाई किती, हे कळतं.

मग मुदत संपलेल्या लिंकचं काय?

त्यासाठी वेगळी टेस्ट केस. लागोपाठ दोन लिंक मागवल्या, तर पहिली चालते का, यासाठी तिसरी. सगळं एकाच केसमध्ये कोंबलं, तर 'फेल' आल्यावर नेमकं काय बिघडलं हे शोधायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.