Explained: जन्मवेळ एकच, तरी एका अॅपमध्ये ‘लाभात’ आणि दुसऱ्यात ‘व्ययात’, गुलिक आणि मांदीचं गणित नेमकं काय?

मोबाइलवर पत्रिका काढली की नऊ ग्रहांसोबत हल्ली एक-दोन अनोळखी अक्षरं दिसतात. कुठे ‘मां’, कुठे ‘गुलि’. काही अॅप तर नुसतं ‘गु’ लिहितात आणि आपल्याकडे ‘गु’ म्हणजे गुरू असल्यामुळे घरात वेगळाच गोंधळ उडतो. त्यात ही अक्षरं बाराव्या किंवा आठव्या घरात असली की खाली ‘दोष’ आणि त्याखाली शांतीच्या पूजेचं बटण. पैसे भरण्याआधी हा आकडा कुठून आला, ते एकदा बघू.

ग्रह नाही, घड्याळातली वेळ

राहू-केतूंना छायाग्रह म्हणतात. ते पिंड नसले तरी आकाशात त्यांना जागा आहे: चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू. गुलिकाला तेवढाही आधार नाही. दुर्बीण कुठेही रोखली तरी तिथे काही दिसणार नाही. परंपरेनं त्याला शनीचा पुत्र मानलं, म्हणून तो उपग्रह. शनीचं एक नाव मंद, त्यावरून मांदी.

पद्धत अशी. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ सारखे भाग करायचे. पहिला भाग त्या वाराच्या स्वामीचा, पुढचे भाग वारांच्या क्रमानं इतर ग्रहांचे. सात ग्रह संपले की आठवा भाग बिनमालकाचा राहतो. यातला शनीचा भाग तो गुलिकाचा. म्हणजे शनिवारी पहिला, शुक्रवारी दुसरा, असं मागे येत रविवारी सातवा. तो भाग सुरू होताना पूर्व क्षितिजावर जी रास आणि जो अंश उगवत असेल, तिथे पत्रिकेत गुलिक मांडायचा. थोडक्यात, ही एक वेळ आहे, जी लग्नाच्या गणितानं अंशांत बदलली जाते.

मांदीची वेळ घटकांत दिलेली असते. दिवस ३० घटकांचा धरला तर रविवारी २६, सोमवारी २२ आणि पुढे रोज चार-चार कमी करत शनिवारी २. दिवस मोठा-लहान असेल त्या प्रमाणात हा आकडा वाढवायचा किंवा कमी करायचा. मी सातही वार मांडून पाहिले. मांदीची वेळ प्रत्येक वारी गुलिकाच्याच भागात पडते, बहुतेकदा त्याच्या शेवटाजवळ. म्हणजे एकाच तुकड्यावर केलेल्या या दोन खुणा आहेत. केरळच्या परंपरेत दोन्ही नावं एकाच उपग्रहाची मानतात, ते यामुळे पटतं. १७व्या शतकातल्या ‘प्रश्नमार्ग’ या तिथल्या ग्रंथात त्याला मोठं वजन आहे.

एक पत्रिका करून पाहू

समजा, पुण्यात मेच्या मध्यावर, सोमवारी संध्याकाळी साडेपाचला बाळ जन्मलं. सूर्योदय सकाळी ६, सूर्यास्त संध्याकाळी ७ धरू. दिवस १३ तासांचा, म्हणजे ७८० मिनिटं. एक भाग साडेसत्याण्णव मिनिटांचा. सोमवारी शनीचा भाग सहावा, म्हणजे आधीचे पाच भाग संपल्यावर, दुपारी २ वाजून साडेसात मिनिटांनी तो सुरू होतो. त्या वेळी पुण्यात सिंह रास उगवत असते, साधारण २२ अंशांवर. गुलिक सिंहेत.

आता मांदी. ३० पैकी २२ घटका, म्हणजे ७८० मिनिटांपैकी ५७२. वेळ येते ३ वाजून ३२ मिनिटं. तोवर सिंह संपून कन्या रास १२ अंशांच्या आसपास वर आलेली असते. मांदी कन्येत.

बाळाचं लग्न तूळ. तुळेपासून मोजलं तर सिंह अकरावं घर, कन्या बारावं. पाराशरी होराशास्त्रात अकराव्यातल्या गुलिकाला माणसांचा पुढारी, आप्तांना मदत करणारा असं फळ दिलं आहे. बाराव्यातल्याला हलक्या कामांत रमणारा. अॅपनं ‘गुलिक’ आणि ‘मांदी’ यांतलं काय दाखवायचं ठरवलं, एवढ्यावरून बाळाचा स्वभाव बदलला!

वाद इथेच संपत नाही. काही जण गुलिकाच्या भागाची सुरुवात नाही तर मध्य घेतात. आपल्या उदाहरणात मध्य येतो २ वाजून ५६ मिनिटांनी आणि तेव्हाच कन्या सुरू झालेली असते. म्हणजे गुलिकही बाराव्यात.

मग घराचा निवाडा कसा करतात?

नुसतं घर बघून निकाल देत नाहीत, असं परंपरेतले जाणकारच सांगतात. तीन, सहा, दहा आणि अकरा ही घरं गुलिकाला चालतात; क्रूर ग्रह तिथे बळ देतात हा जुना नियम त्यालाही लावला आहे. सहाव्यात तो शत्रू उरू देत नाही असं मानतात. लग्न, दुसरं, पाचवं, सातवं, आठवं, बारावं इथे फळं कडक आहेत.

त्यानंतर बघायचं गुलिक ज्या राशीत आहे तिच्या स्वामीकडे. आपल्या उदाहरणात सिंहेचा स्वामी सूर्य. मेच्या मध्यावर तो मेष ओलांडून वृषभेत जात असतो. ज्या वर्षी, ज्या वेळी तो अजून मेषेत आहे, तेव्हा तो उच्चीचा आणि तूळ लग्नाला सातव्या म्हणजे केंद्रात. असा स्वामी बलवान असेल तर गुलिकाचा त्रास ओसरतो, उलट प्रतिष्ठा मिळते असं सांगतात. तोच सूर्य वृषभेत गेला की आठव्यात, आणि हा आधार गेला. शेवटी, गुलिकाच्या अगदी जवळ कुठला ग्रह आहे ते बघतात. सूर्य असेल तर वडिलांची, चंद्र असेल तर आईची, मंगळ असेल तर भावंडांची काळजी, असा ढोबळ संकेत आहे.

हे सगळं भाकितशास्त्राच्या आतलं गणित झालं. अशा बिंदूचा माणसाच्या आयुष्यावर परिणाम होतो, याला वैज्ञानिक पुरावा नाही.

अॅप कुठे चुकतं?

पहिली चूक ठरावीक तक्त्याची. कॅलेंडरमधला गुलिक काळ बरेचदा सहा ते सहा दिवस धरून दीड-दीड तासांचा दिलेला असतो. सोमवारी दीड ते तीन. आपल्या उदाहरणात खरी सुरुवात त्यानंतर ३७ मिनिटांनी होते. एक रास उगवायला साधारण दोन तास लागतात, म्हणजे रास बदलायला एवढा फरक पुष्कळ झाला. (तमिळ घरांत याच काळात केलेलं काम पुन्हा पुन्हा घडतं असं मानतात. म्हणून तेव्हा सोनं घेतात, अंत्यविधी टाळतात. तोच गुलिक जन्मपत्रिकेत मात्र खलनायक.)

दुसरी चूक रात्रीच्या जन्माची. रात्रीचेही आठ भाग होतात, पण पहिला भाग त्या वारापासून मोजलेल्या पाचव्या वाराच्या स्वामीचा. शिवाय पंचांगाचा वार मध्यरात्री नाही, सूर्योदयाला बदलतो. मंगळवारी पहाटे दोनचा जन्म म्हणजे सोमवारची रात्र. सोमवारपासून पाचवा शुक्र, त्याच्यानंतर शनी, म्हणून गुलिक दुसऱ्या भागात. अॅपनं तारीख बघून मंगळवार धरला, तर तो पहिल्याच भागात जाऊन बसतो.

तपासायचं असेल तर सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा: गुलिक निवडलाय की मांदी, भागाची सुरुवात घेतलीय की मध्य, आणि सूर्योदय जन्मगावाचा आहे का. दोन अॅपमध्ये या तिन्ही सारख्या केल्या की उत्तरंही बहुतेक वेळा जुळतात. सेटिंगच दिसत नसेल, तर खालच्या पूजेच्या बटणाला हात लावू नका.