उपसा पंप : झडप की गती?
कुरुंदवाडच्या परिसरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी पंपाने उपसून उसास दिले जाते. समजा, चढण ३० मीटर असून पूर्ण प्रवाहात नळातील घर्षण आणखी १० मीटर आहे. प्रवाह ८० टक्क्यांवर आणला की घर्षण ६.४ मीटर उरते, गरज ३६.४ मीटरची. झडप आवळल्यास मात्र पंपाचा दाब वाढून, समजा, ४४ मीटर होतो व जादा ७.६ मीटर झडपेतच जिरतात. पंपाची कार्यक्षमता दोन्हीकडे सारखी धरल्यास गती घटवून वाचते ती एवढीच ऊर्जा, सुमारे १७ टक्के. शक्ती गतीच्या घनाने घटून निम्म्यावर येते, हा लाडका हिशेब केवळ घर्षणाच्या नळास लागू पडतो. चढण गतीने कमी होत नाही. गती फार उतरविल्यास पंप नुसता फिरतो, पाणी चढत नाही.