‘मॅनेज केलं’ला मराठीत काय म्हणाल? शब्द बदलाल तर फसाल, वाक्य बदला

मैत्रिणीचा साखरपुडा होता. ऑफिसमुळे एकीला जायला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मेसेज टाकला,

“सॉरी यार, काल यायला नाही जमलं. ॲक्चुअली मीटिंग इतकी ड्रॅग झाली ना, मी टोटली ड्रेन झाले होते. अपसेट नको होऊस प्लीज. नेक्स्ट वीक डेफिनेटली भेटू.”

आता हाच मेसेज पूर्ण मराठीत लिहायचा म्हटलं तर बहुतेक जण काय करतात? इंग्रजी शब्द दिसला की डिक्शनरीतला मराठी शब्द उचलून तिथे ठेवतात. मग होतं असं,

“क्षमस्व, काल उपस्थित राहणे शक्य झाले नाही. वस्तुतः बैठक प्रदीर्घ चालल्याने मी पूर्णतः थकले होते. कृपया नाराज होऊ नये. पुढील आठवड्यात निश्चित भेटू.”

एकही शब्द चुकलेला नाही. पण मेसेज सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचा वाटतोय. मैत्रीण वाचून पहिलं हेच विचारेल, “एवढी का चिडलीस?” कारण मराठीत जवळचं माणूस अचानक पुस्तकी बोलायला लागलं की आपण समजतो, काहीतरी बिनसलंय. मूळ मेसेजमध्ये असलेली माफी इथे टोमणा झाली.

हे का होतं, तर सगळी मेख क्रियापदात आहे.

आपण इंग्रजी शब्द उचलतो आणि त्याला ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडतो. ड्रॅग झाली, ड्रेन झाले, अपसेट होऊ नकोस. वाक्याचा सांगाडा मराठीच राहतो. शब्दांचा क्रम मराठी, प्रत्यय मराठी. म्हणून फक्त इंग्रजी तुकडा बदलून भागत नाही, ‘करणे-होणे’सकट पूर्ण जोडी काढावी लागते. ‘ड्रॅग झाली’ म्हणजे ‘लांबली’. दोन शब्दांच्या जागी एक, आणि वाक्य सुटसुटीत.

सगळ्यात जास्त छळतो तो ‘मॅनेज’. “घर आणि नोकरी दोन्ही मॅनेज करते” म्हणजे ती सांभाळते. “डिपॉझिटचे पैसे मॅनेज केले” म्हणजे जमवले. “बॉसला मी मॅनेज करतो” म्हणजे पटवतो, आणि प्रकरण जरा वाकडं असेल तर गुंडाळतो. “आजच्या दिवस मॅनेज कर ना” म्हणजे चालवून घे. या चारही ठिकाणी ‘व्यवस्थापन करणे’ घालून बघा, हसू येईल. त्यामुळे आधी विचारायचं, इथे नेमकं घडलं काय? मग क्रियापद आपोआप सापडतं.

दुसरी गोष्ट ‘ॲक्चुअली’, ‘बेसिकली’, ‘टोटली’ यांची. या शब्दांना अर्थ थोडा आणि सूर जास्त. तो सूर मराठीत ‘ना’, ‘गं’, ‘की’, ‘तर’ आणि शब्दाला चिकटणारा ‘च’ सांभाळतात. ‘डेफिनेटली भेटू’ म्हणजे ‘भेटायचंच’. वेगळा शब्द लागलाच नाही. ‘बेसिकली’ तर बऱ्याचदा सरळ खोडता येतो, कुणाला पत्ता लागत नाही.

‘सॉरी’ मात्र जपून. ‘मला माफ कर’ हे वाक्य मराठीत फार जड आहे, मोठा गुन्हा केल्यासारखं. रोजच्या सॉरीला ‘चुकलंच गं माझं’ जवळचं.

मग तो मेसेज असा होतो,

“चुकलंच गं माझं, काल यायला नाही जमलं. मीटिंग इतकी लांबली ना, अंगात जीवच उरला नव्हता. मनाला लावून घेऊ नकोस हं. पुढच्या आठवड्यात भेटायचंच.”

यात ‘मीटिंग’ तशीच ठेवलीये, आणि ते मुद्दाम. शब्द मराठीत मुरलाय का हे बघायची एक सोपी खूण आहे, त्याला मराठी प्रत्यय लागतो का? टेबलावर, कॉलेजात, तिकिटं, मीटिंगा. असे शब्द बदलायला गेलं की उलट वाक्य खोटं वाटतं. ‘ड्रॅग’चं तसं नाही, तो ‘करणे-होणे’च्या कुबडीशिवाय उभा राहत नाही. ही खूण दर वेळी लागू पडेल असं नाही, पण अडलं तर कामाला येते.

बदल करताना एक चूक हमखास होते, लिंगाची. “मोठा इश्यू झाला होता” यात इश्यू काढून अडचण टाकली की ‘मोठा’, ‘झाला’, ‘होता’ तिन्ही बदलायला लागतात. घाईत ‘मोठा अडचण झाली’ असं काहीतरी उरतं. शेवटी एकदा मोठ्याने वाचलं तर कानाला लगेच खटकतं.

अर्धं वाक्य इंग्रजी आणि अर्धं मराठी असेल तर नकाराची जागाही बघावी लागते. “आय थिंक तो येणार नाही” याचं “मी विचार करतो की तो येणार नाही” केलं तर अर्थच बदलला, जणू तो बसून चिंतन करतोय. आपण म्हणतो, “मला नाही वाटत तो येईल.” नकार उचलून पुढे आला.

आणि काही इंग्रजी काढूच नये. “साहेब म्हणाले, लेट्स डिस्कस टुमॉरो” असं कुणी नक्कल करून सांगत असेल, तर त्यातली गंमत साहेबांच्या इंग्रजीतच आहे. “साहेब म्हणाले, उद्या बोलू” लिहिलं की निरोप पोचतो, पण साहेब वाक्यातून गायब होतात.