मिश्री कुठल्या रकान्यात?

शहापूरच्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांमधल्या तंबाखू आणि व्हेपच्या वापराची पाहणी करायचं ठरलं होतं. मुरबाडच्या एका महाविद्यालयातही हीच प्रश्नावली भरून घ्यायची होती. ती तयार होत असताना मी शहापूरला जाऊन बसले, त्याला कारण झाला एक आकडा. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी तो फोनवर सांगितला होता. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू घेणारे. "आणि आमच्या पहिल्या मसुद्यातले सुरुवातीचे सगळे प्रश्न सिगारेटचे," त्या म्हणाल्या. मसुदा शहरातल्या एका जुन्या प्रश्नावलीवरून घेतलेला होता.

प्रश्नांची छाननी चालू असताना मॅडम अधूनमधून हा आकडा काढत. कोणी म्हणालं, हुक्क्याचा प्रश्न वाढवू या, की त्या म्हणत, "चोवीस पूर्णांक चार." मग चर्चा पुन्हा मळलेल्या तंबाखूवर, गुटख्यावर, तपकिरीवर यायची. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, पण पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन तळहातावर एकत्र केली की काम भागतं. म्हणून 'गुटखा खाता का' एवढं विचारून चालत नाही, 'पानमसाल्यात तंबाखू मिसळून' हा पर्याय वेगळा लिहावा लागतो.

मग चाचणी. मोजक्या विद्यार्थ्यांना एकेकटं बोलवायचं, प्रश्न मोठ्याने वाचायला सांगायचा आणि विचारायचं, तुला यातून काय समजलं? उत्तर बरोबर की चूक हे इथे बघायचंच नसतं. प्रश्न कुठे अडतो, तेवढं बघायचं.

डोळखांबकडच्या एका पाड्यावरून येणारी, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी समोर बसली. 'तुम्ही कोणत्याही प्रकारची तंबाखू वापरता का?' हा प्रश्न तिने वाचला आणि 'नाही' सांगितलं. पुढे दात कशाने घासता, असा एक साधा प्रश्न होता. तो मॅडमनीच नंतर घातलेला.

"मिश्रीने. सकाळी, आणि कॉलेजातून गेल्यावर."

"अगं, मग आत्ता नाही का म्हणालीस?"

"मिश्री तंबाखूत येते, मॅडम?"

तिने काही लपवलेलं नव्हतं. घरात आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजते, कुटते, डबीत भरते, हे तिनेच सांगितलं. भाजताना धूर घशाला लागतो, आम्ही ओट्यावर जाऊन बसतो, असंही म्हणाली. ज्या घरात तो वास रोजचा, तिथे मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू, आणि तंबाखू म्हणजे बाबा मळून गालात धरतात ती. मला त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो. ती घाबरली नव्हती. मॅडमना एवढं साधं कसं माहीत नाही, असं तिला वाटत होतं.

त्या एका उत्तराने प्रश्नावलीचा पहिला भाग बदलला. 'तंबाखू वापरता का' हा एकच प्रश्न काढून टाकला आणि त्याजागी नावांची यादी आली: मिश्री, चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, तंबाखूचं पान, तंबाखू मिसळलेला पानमसाला, गुटखा, तपकीर, विडी, सिगारेट. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी: आयुष्यात एकदा तरी? गेल्या तीस दिवसांत किती दिवस? नाव घेतल्याशिवाय मिश्री सापडत नाही, आणि मिश्री सापडली नाही तर मुलींच्या रकान्यात जवळजवळ शून्य येऊन पाहणी खोटी ठरते.

व्हेपचं नेमकं हेच, पण उलट बाजूने. आसनगावहून लोकलने कल्याणला क्लासला जाणाऱ्या एका मुलाने 'ई-सिगारेट' या शब्दावर नकारार्थी मान हलवली. मित्रांच्या हातातल्या पेनासारख्या वस्तूबद्दल विचारल्यावर म्हणाला, "तो का? ते फक्त फ्लेवर असतं, मॅडम. निकोटिन नसतं त्यात." असं वाटणारा तो एकटा नाही. अमेरिकेत २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जूल वापरणाऱ्या तरुणांपैकी ६३ टक्के जणांना त्यात नेहमी निकोटिन असतं हे माहीत नव्हतं. म्हणून 'निकोटिनयुक्त' हा शब्द प्रश्नातून काढला आणि वस्तूचं वर्णन केलं: बॅटरीवर चालणारी, ओढल्यावर वाफ येणारी, पेन किंवा पेनड्राइव्हसारखी दिसणारी. छायाचित्र छापायची सूचना मॅडमनी नाकारली. ते जाहिरातीसारखं दिसलं असतं.

शिवाय २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं सगळं बंद आहे. कुठून घेतली, असं विचारलं की मुलगा पेन खाली ठेवतो. तो प्रश्न गाळला. मला ते पटलं. एका प्रश्नापायी सगळा कागद कोरा येण्यापेक्षा ते बरं.

नाव आणि हजेरी क्रमांक घ्यायचा नाही हे तर ठरलेलंच होतं. पण 'गाव' हा रकाना राहिला होता. मुरबाडच्या सरांनी तो दाखवला. तृतीय वर्ष विज्ञान, मुलगी, टोकावड्याची, एवढं लिहिलं की नाव लिहायची गरज उरत नाही. वर्गात अशी एकच असू शकते. त्याऐवजी 'कॉलेजला कसे येता' हा रकाना आला: एसटी, लोकल, दुचाकी, पायी, वसतिगृहातून.

त्याहून बारीक गोष्ट कागदाच्या लांबीची. 'नाही' म्हणणाऱ्याला सरळ शेवटच्या पानावर पाठवलं, तर तो पाच मिनिटांत उठतो आणि मागे लिहीत बसलेले कोण, हे सगळ्या वर्गाला दिसतं. ते बघून उरलेलेही 'नाही' लिहायला लागतात. म्हणून प्रत्येक प्रश्नाला 'वापरत नाही' हा पर्याय दिला आणि सर्वांनी शेवटपर्यंत खुणा करायच्या असं ठेवलं. थापा पकडायला यादीत एक अस्तित्वातच नसलेलं नाव घालायचं का, यावरही बोलणं झालं. युरोपातल्या शाळांच्या पाहणीत 'रेलेव्हिन' नावाचं काल्पनिक औषध असंच घातलेलं होतं. इथेही एक बनावट नाव घातलं. त्यापुढे खूण केलेला कागद बाजूला काढायचा.

व्हेपबद्दल मात्र मॅडम फार आशा धरायला तयार नव्हत्या. २०१९च्या शालेय सर्वेक्षणात देशभरात तेरा ते पंधरा वयाच्या २.८ टक्के मुलांनी ई-सिगारेट कधीतरी वापरलेली होती. इथेही तेवढंच प्रमाण धरलं, तर तीनशे कागदांत आठ-नऊ जण. तेवढ्यांवरून मुलगे-मुली किंवा शहापूर-मुरबाड अशी तुलना करता येत नाही. "व्हेप आहे की नाही, एवढंच कळेल. चोवीस पूर्णांक चारचं मात्र नीट कळायला हवं," त्या म्हणाल्या.

पाहणी अठरा पूर्ण झालेल्यांपुरतीच ठेवली. त्याखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि तो कागद त्याच घरात जाणार जिथे डबी आहे. मग लहानपणाचं विचारायचं ते आठवणीवरूनच. वय आठवत नाही, इयत्ता आठवते, म्हणून 'पहिल्यांदा केव्हा' या प्रश्नाला पाचवीच्या आधी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी, कॉलेजात, असे पर्याय होते. डोळखांबकडच्या त्या मुलीला हा प्रश्नही वाचायला दिला होता. तिने चारही पर्यायांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "शाळेत घालायच्या आधीपासून." तो पर्याय सगळ्यात वर घातला आणि मगच मुरबाडचे कागद छापायला गेले.