चाळीस डब्यांची ऑर्डर आणि आवृत्तीचा आकडा

एकाच ऑर्डरमध्ये दोघांनी जवळपास एकाच वेळी दुरुस्ती केली की पहिल्याचे काम दुसऱ्याच्या हातून नकळत पुसले जाऊ शकते. संगणकाच्या भाषेत याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणजे हरवलेला बदल म्हणतात.

फराळाच्या दुकानातली एक ऑर्डर घेऊ. क्रमांक २४१८, चकलीचे ४० डबे. फोनवर बसलेली कर्मचारी ११ वाजून ५ मिनिटांनी ती उघडते. पुढच्याच मिनिटाला डिलिव्हरी बघणारा आपल्या संगणकावर तीच उघडतो. ११:०८ ला ती गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून ४० चे ६० करून जतन करते. ११:१० ला तो फक्त पत्ता बदलतो आणि जतन करतो. पण त्याच्या पडद्यावर संख्येच्या रकान्यात अजून ४०च आहेत आणि फॉर्म पाठवताना सगळेच रकाने जातात. साहजिकच ६० चे पुन्हा ४० होतात. दोघांनाही ‘जतन झाले’ असाच संदेश मिळालेला असतो. घोळ कळतो तो वीस डबे कमी आल्याचा फोन येतो तेव्हा.

डेटाबेसमधले ट्रान्झॅक्शन इथे आपोआप वाचवत नाही. उघडणे आणि जतन करणे ही दोन वेगळी कामे असतात आणि मधली चार मिनिटे माणूस टाइप करत असतो. उघडल्याबरोबर ऑर्डरला कुलूप घालता येते, पण कुलूप घालणारा चहाला गेला की बाकीचे ताटकळत बसतात. एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ साली मांडलेली आशावादी पद्धत उलट गृहीत धरते: टक्कर क्वचितच होते, म्हणून कोणाला अडवायचे नाही, जतन करताना तेवढे तपासायचे. नाव ‘ऑप्टिमिस्टिक लॉकिंग’ असले तरी माणूस विचार करत असताना त्यात कुलूप नसतेच.

त्यासाठी ऑर्डरच्या तक्त्यात आवृत्तीचा एक रकाना लागतो. २४१८ ची आवृत्ती ७ असेल, तर दोघांच्याही फॉर्मबरोबर ७ हा आकडा जातो आणि जतन करताना परत येतो. पत्ता बदलणाऱ्याचे जतन असे होते:

```sql
UPDATE orders
SET qty = 40, address = 'नवा पत्ता',
    version = version + 1
WHERE id = 2418 AND version = 7;
```

पहिलीच्या जतनाने आवृत्ती ८ झालेली असते. त्यामुळे ७ ची अट जुळत नाही आणि डेटाबेस ‘० ओळी बदलल्या’ असे सांगतो. ही चूक म्हणून आपोआप समोर येत नाही. तो शून्य प्रोग्रामने स्वतः वाचायचा असतो. न वाचल्यास पत्ता मुकाट हरवतो आणि पडदा ‘जतन झाले’ म्हणत राहतो. तपासणी आणि बदल एकाच आज्ञेत असल्यामुळे दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तरी एकालाच यश मिळते.

सर्वांत जास्त फसगत होते ती आकडा कुठून घेतला यात. जतन करण्याच्या क्षणी डेटाबेसमधून ताजी आवृत्ती वाचून तिच्याशीच तुलना केली, तर ८ आणि ८ जुळतात आणि ६० पुसले जातातच. रेल्समधला `lock_version` किंवा जावातला `@Version` लावूनही फॉर्मबरोबर जुना आकडा फिरवला नाही, तर हेच घडते. दुसरी फट डब्यांच्या ओळी वेगळ्या तक्त्यात असतात तेव्हा राहते: ओळ बदलली, पण मूळ ऑर्डरची आवृत्ती वाढवली नाही, तर समोरच्याला काही कळतच नाही.

शून्य आल्यावर नवी आवृत्ती आणून तोच फॉर्म परस्पर पुन्हा पाठवणे म्हणजे जुनाच घोळ वळसा घालून करणे. त्याऐवजी ‘तुम्ही उघडल्यानंतर डबे ४० चे ६० झाले आहेत’ असे दाखवावे आणि टाइप केलेला पत्ता तसाच ठेवावा. दोघांनी वेगवेगळे रकाने बदलले असतील तर प्रोग्रामने बदल आपणच जुळवावेत का? जपूनच. चाळीस डबे दुचाकीवर जातील, साठ कदाचित जाणार नाहीत. नव्या पत्त्यावर कसे पाठवायचे, हे माणसानेच पाहिलेले बरे.

जिथे टक्कर सतत होते, तिथे ही पद्धत कामाची नाही. चकलीचा शिल्लक साठा प्रत्येक ऑर्डर बदलते. तिथे लोक पुन्हापुन्हा नाकारले जातील. त्यापेक्षा ‘साठा पुरेसा असेल तर त्यातून २० वजा कर’ अशी थेट आज्ञा द्यावी.

आपल्या दुकानातली प्रणाली तपासायला दोन मिनिटे पुरतात. एक ऑर्डर दोन खिडक्यांत उघडावी, पहिलीत संख्या बदलून जतन करावी, मग दुसरीत पत्ता बदलून जतन करावे. दुसरीनेही काही न विचारता ‘जतन झाले’ म्हटले, तर ऑर्डर पुन्हा उघडून संख्या बघावी.